येत्या दहा वर्षांची योजना

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठीं आम्हीं अर्जाचा कागद मागविला. त्याच्या शेवटच्या पानावर एक मोकळी चौकट होती, आणि तींत उमेदवारानें आपली येत्या दहा वर्षांची योजना लिहावी असें म्हटलें होतें. दहा हा आंकडा संस्थाचालकांनीं उगीच घातलेला नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणें प्राचार्याची नेमणूक पांच वर्षांसाठीं होते, आणि काम समाधानकारक ठरल्यास ती आणखी पांच वर्षें वाढवितां येते. आम्ही 53 वर्षांचे. म्हणजे हें पद मिळतें, तर आमच्या नोकरीचा उरलेला सारा काळ त्यांतच सरला असता. ज्या पदाकडे पाहत अध्यापनाचीं सव्वीस वर्षें काढलीं तें आतां हाताशीं आलें होतें. चौकट भरावयाची तेवढी राहिली होती.

ती भरावयास आम्ही दिवाळीच्या सुटींत आमच्या गांवीं, साखरखेर्ड्यास, वडिलांच्या मेजाशीं बसलों. बुलढाणा जिल्ह्यांतील हें गांव इतिहासांत एका दिवसापुरतें प्रसिद्ध आहे. 1724 च्या ऑक्टोबरांत येथें निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला, खान रणांत पडला, आणि दक्षिणेंतील निजामाच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. विजयाची आठवण म्हणून गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेवण्यांत आलें; परंतु लोकांनीं आपली साखर सोडिली नाहीं. त्या दिवशीं निजामउल्मुल्काचें वय 53 वर्षांचें होतें. इतिहासाच्या प्राध्यापकास असा योगायोग सांपडला म्हणजे तो त्याचा उपयोग करून घेतल्यावांचून राहत नाहीं. जो मनुष्य त्रेपन्नाव्या वर्षीं राज्य मिळवितो तो पुढें चोवीस वर्षें तें चालवितो. मग आम्हांस दहा वर्षें एक महाविद्यालय कां चालवितां येऊं नये? हें वाक्य आम्ही मनांत घोळवीत होतों, इतक्यांत आंतून आईनें हाक मारिली. तिला न्हाणीपर्यंत न्यावयाचें होतें. तिला परत आणून बाजेवर बसवितांना आमच्या लक्षांत आलें, कीं निजामाचे वडील 1710 सालींच वारले होते. लढाईच्या आदल्या रात्रीं त्याला कोणास हात धरून न्हाणीकडे न्यावें लागलें नसेल.

आमचे वडील 84 वर्षांचे आहेत आणि आई 78 वर्षांची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक होते, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून त्यांनीं घरखर्चाची वही लिहिली आहे. दूध, किराणा, सालदाराचे पैसे यांच्याबरोबर तींत घरीं कोण आलें, कोण गेलें, याचीहि नोंद असते, कारण पाहुणा आला म्हणजे खर्च आला. चौकटींत काय लिहावें तें सुचेना, म्हणून आम्ही सहज गेल्या दोन वर्षांच्या वह्या चाळूं लागलों. पुढें जें कांहीं सांगावयाचें आहे तें बहुतेक त्या वह्यांनीं आम्हांस शिकविलेलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत एका रात्रीं आई बाजेवरून उठली ती चार पावलांवरच पडली, आणि तिच्या उजव्या खुब्याचें हाड मोडलें. अशा मोडीस पूर्वीं माणसाला महिनोनमहिने निजवून ठेवीत. आतां तसें करीत नाहींत. कारण म्हाताऱ्या माणसाचा जीव मोडलेल्या हाडानें क्वचित् जातो, निजून राहण्यानें मात्र जातो. पाठीस जखमा होतात, छातींत कफ सांचतो, पायांतील रक्त गोठतें. म्हणून होतां होईल तों दोन दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया करावयाची आणि दुसऱ्याच दिवशीं माणसाला आधार देऊन उभें करावयाचें, अशी आतांची रीत आहे. आईच्या बाबतींत हें सर्व वेळेवर झालें, तें शेजाऱ्यांनीं रात्रींच गाडी काढली म्हणून. आम्ही अमरावतीस होतों. आम्ही पोंचलों तेव्हां ती शस्त्रक्रियेच्या खोलींत गेलेली होती.

आई पडली ती पाय घसरून, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. घरीं पाठविण्याआधीं दवाखान्यांतील एका तरुण डॉक्टरनें तिचीं घरचीं सर्व औषधें आणावयास सांगितलीं. तिच्या उशाशीं असलेली पिशवी आम्हीं त्याच्यापुढें रिकामी केली. तींत रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. दोन निरनिराळ्या गांवांच्या दोन डॉक्टरांनीं त्या दिलेल्या होत्या, आणि त्यांचीं नांवेंहि निरनिराळीं होतीं. परंतु मोठ्या अक्षरांतील नांवाजवळ बारीक अक्षरांत औषधाचें मूळ नांव छापलेलें असतें, तें दोन्ही पट्ट्यांवर एकच होतें. वर्षभर आई एकच औषध दुप्पट घेत होती. शिवाय रात्रीं झोपेची गोळी होतीच. डॉक्टरनें तिचा रक्तदाब प्रथम निजलेल्या स्थितींत मोजला आणि मग उभें करून पुन्हां मोजला. वरचा आंकडा याप्रमाणें 20 किंवा अधिक उतरला, तर उठतांक्षणींच भोंवळ येऊन पडण्याचा धोका असतो. आईचा 28 नें उतरला. एक पट्टी बंद झाली, झोपेची गोळी हळूहळू सुटली, आणि उठण्यापूर्वीं दोन मिनिटें पाय खालीं सोडून बाजेवर बसावयाचें, हा नियम ठरला. त्यानंतर ती पडलेली नाहीं.

हा शोध लावावयास वैद्यकीची पदवी लागत नव्हती. बारीक अक्षरांतील मजकूर वाचावयाचा, दोन कागद शेजारीं ठेवून ताडून पाहावयाचे, हा तर आमचा धंदा. त्या वर्षांत आम्ही चार वेळां गांवीं आलों होतों, आणि दर खेपेस येतांना सफरचंदें आणलीं होतीं. पिशवीस आमचा हात एकदांहि लागला नव्हता.

आतां वहीकडे वळूं. आई पडल्यापासून पुढील बारा महिन्यांत आम्ही गांवीं किंवा दवाखान्यांत किती दिवस होतों, तें आम्हीं नोंदींवरून मोजलें. ते 74 दिवस भरले. आंकडा पाहून आम्हांस प्रथम समाधान वाटलें. वर्षाच्या 365 दिवसांपैकीं 74 म्हणजे पांचांतला एक दिवस. इतकें तर प्राचार्यासहि जमेल! परंतु ते दिवस कसे आले होते तें पाहिलें, आणि समाधान टिकलें नाहीं. त्यांतले 33 दिवस आईच्या मोडीचे, एकापुढें एक. आणखी 19 दिवस माघांत वडिलांना फुप्फुसदाह झाला तेव्हांचे. उरलेले 22 काय ते सणांचे आणि रविवारचे. वृद्धांची सेवा रोज थोडी थोडी येत नाहीं. तिचे लांबच लांब शांत महिने असतात, आणि मध्येंच एखाद्या रात्रीं ती सारीच्या सारी अंगावर येते. सरासरी काढून योजना करणारा मनुष्य नेमका त्याच रात्रीं फसतो.

प्राध्यापकाच्या रजेचा हिशेबहि येथें मांडावा. किरकोळ रजा वर्षाच्या 8, आणि अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवसांची जमते. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी आहे; पण आईनें पडण्यासाठीं सुटीचा महिना निवडला नव्हता. तरीसुद्धां साध्या प्राध्यापकाचा तास दुसरा कोणी घेतो, आणि मागाहून तो भरूनहि काढतां येतो. प्राचार्याचें तसें नसतें. जूनमधील प्रवेश, परीक्षा, मूल्यमापन समितीची भेट, संस्थेच्या सभा, यांपैकीं कशासहि तेहेतीस दिवस थांब म्हणून सांगतां येत नाहीं. आमच्या एका स्नेह्यानें हें पद घेतलें आहे आणि तो तें उत्तम चालवितो. परंतु त्याचे दोन भाऊ आईवडिलांच्या घरींच राहतात. त्याचा निर्णय त्याच्या घरापुरता बरोबर आहे. आम्हांस भाऊ नाहीं.

आम्हांस एक बहीण आहे. ती आमच्याहून धाकटी असून याच तालुक्यांत, तासाभराच्या वाटेवर, दिलेली आहे. आमचे 74 दिवस मोजून झाल्यावर, केवळ कुतूहल म्हणून, तिच्या येण्याच्या नोंदी आम्हीं मोजल्या. त्या 163 निघाल्या. त्यांतल्या पुष्कळशा सोयाबीन काढणीच्या दिवसांतल्या होत्या. म्हणजे स्वतःच्या शेतांत मजूर सोडून ती येथें आईचें अंग पुसावयास आली होती. आमच्या पत्नीचा हिशेब वहींत नव्हता, कारण तो अमरावतीस झाला. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने आई आमच्याकडे होती. त्याच काळांत पत्नीला तिच्या शाळेनें पर्यवेक्षिकेचें पद देऊं केलें आणि तिनें तें नाकारलें. हें आम्हांस सहा महिन्यांनीं, तेंहि तिच्या एका मैत्रिणीकडून, कळलें.

वडील आम्हांस लहानपणीं सांगत, कीं जमेच्या बाजूस रक्कम दिसली कीं ती कोणाच्या तरी नांवें पडलेली असतेच. ती कोणाच्या नांवें आहे हें पाहिल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. आईबापांची सेवा आणि आपला उत्कर्ष यांचा तोल आम्हीं चांगला साधला आहे, असें आमचे सहकारी म्हणत आणि आम्हीहि तें मान्य करीत असूं. तोल साधला होता खरा. पण तागडीच्या एका पारड्यांत दोन बायकांचीं वर्षें घातलेलीं होतीं. बहिणीपाशीं आम्हीं त्या 163 नोंदींची गोष्ट काढली, तेव्हां ती रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “दादा, तू येणार असलास कीं आई नवं लुगडं नेसून बसते. ते तिला नेसवायला मी आदल्या दिवशी येते.”

सेवेचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे पुंडलिकाचें उदाहरण देतात. दारीं देव आला असतां त्यानें आईबापांचे पाय सोडले नाहींत. वीट फेकली आणि उभें राहावयास सांगितलें. ही कथा आम्हांस प्रिय आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नास ती पुरत नाहीं, कारण पुंडलिकाच्या दारीं आलेला पाहुणा युगानुयुगें वाट पाहणारा होता. अर्जाच्या शेवटच्या तारखेस विटेवर उभें करतां येत नाहीं. पांच वर्षें थांबून आम्ही पुन्हां अर्ज करतों, तर तेव्हां 58 वर्षांचे असतों, आणि ज्याला एक मुदतहि पुरी करतां येईल कीं नाहीं याची शंका आहे, अशा माणसास कोणती संस्था नेमील? तेव्हां हें पद नाकारणें म्हणजे तें कायमचें नाकारणें होतें. हें मनाशीं स्पष्ट करून घ्यावयास आम्हांस चार रात्री लागल्या. त्या चार रात्रींत आम्ही आईवडिलांवर मनांतल्या मनांत रागावलों होतों, हेंहि येथें लिहून ठेवतों. कारण तो राग कबूल केला नाहीं, तर तो पुढें औषधें देतांना हातांतून बाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट वहीनेंच दाखविली. गेल्या उन्हाळ्याच्या पानांत दुधाचे पैसे एकाच महिन्यांत दोनदां दिलेले होते. पुढच्या महिन्यांत पुन्हां तसेंच. साठ वर्षें ज्यांचा हिशेब चुकला नाहीं त्यांची ही चूक होती. म्हातारपणीं नांवें आठवत नाहींत, चष्मा सांपडत नाहीं. त्याचें कांहीं वाटून घेऊं नये. परंतु जें काम मनुष्य आयुष्यभर सहज करीत आला तेंच त्याच्या हातून निसटूं लागलें, तर तें तपासून घ्यावें. आम्हीं वडिलांना दाखविलें. रक्तांत ब-12 हें जीवनसत्त्व फार कमी निघालें. निव्वळ शाकाहार आणि वृद्धापकाळीं मंदावलेलें पचन यांमुळें तें पुष्कळांत कमी असतें, आणि त्यानें स्मरण ढासळतें. शिवाय त्यांना ऐकूंहि कमी येत होतें, आणि जें ऐकूंच आलें नाहीं तें विसरलें असें आपण म्हणतों. सुया आणि कानाचें यंत्र यांनीं बराच फरक पडला, पण सर्व नाहीं. उरलेलें विस्मरण हळूहळू वाढत जाणार, असें डॉक्टरांनीं आम्हांस मोकळेपणीं सांगितलें.

मग जें काम आम्ही दहा वर्षें टाळीत आलों होतों तें एका आठवड्यांत करावें लागलें. पुष्कळांची समजूत असते, कीं वडिलांचें मुखत्यारपत्र घेऊन ठेविलें कीं पुढची सोय झाली. तें तसें नाहीं. ज्यानें मुखत्यारपत्र दिलें त्याची बुद्धि शाबूत राहिली नाहीं, तर आपल्या कायद्याप्रमाणें तें संपतें. म्हणजे ज्या दिवसासाठीं तें केलें त्याच दिवशीं तें निकामी होतें, आणि मग न्यायालयाचें दार गांठावें लागतें. म्हणून वडिलांचें मन ठिकाणावर असतांनाच आम्हीं त्यांना विचारलें. बँकेचें खातें आईबरोबर असें जोडलें, कीं दोघांपैकीं कोणासहि पैसे काढतां यावेत. मृत्युपत्र त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहिलें आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. ओढ्याकडील शेत त्यांनीं बहिणीच्या नांवें लिहिलें. आम्हांकडे न पाहतां ते म्हणाले, “तिचं येणं वहीत आहे.” 2007 पासून आईबापांच्या निर्वाहाचा कायदा आहे, आणि मुलांकडून त्यांना पोटगी मिळवून देतां येते. परंतु गोळ्यांची पट्टी कोणीं वाचावी, हें कोणत्याहि कायद्यास ठरवितां येणार नाहीं.

आतां आमच्या महत्त्वाकांक्षेचें काय झालें तें सांगावयास हवें. ती आम्हीं सोडिली, असें म्हटलें तर वाचकांस आवडेल, पण तें खरें होणार नाहीं. आमच्या मनांत दोन महत्त्वाकांक्षा होत्या, आणि त्या दोन जातींच्या आहेत हें आम्हांस उशिरां कळलें. एक प्राचार्यपदाची, तींत आपण स्वतः रोज हजर असावें लागतें. दुसरी, अठराव्या शतकांतील वऱ्हाडचा इतिहास मोडी कागदांवरून लिहावा, ही. ती वीस वर्षें आमच्या कपाटांत पडून होती. हें काम तेहेतीस दिवस खालीं ठेवलें तरी कुजत नाहीं. चौतिसाव्या दिवशीं त्याच ओळीवरून उचलतां येतें. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 सालीं निघाला, तेव्हां ते पन्नास वर्षांचे होते. शेवटचा 1962 सालीं निघाला, तेव्हां ब्यायशी वर्षांचे. त्यांच्याशीं आमची बरोबरी नाहीं. परंतु मोठें काम सलग मोकळीं दहा वर्षें मिळाल्यावांचून होत नाहीं, ही आमची सबब त्या तारखांपुढें टिकत नाहीं.

म्हणून आमची योजना अशी ठरली. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील लागतील त्या कागदांच्या प्रती उन्हाळ्याच्या सुटींत तेथें राहून मिळवावयाच्या, आणि वाचन गांवीं बसून करावयाचें. वर्षांतील 60 दिवस साखरखेर्ड्याचे, आणि ते आधींच बहिणीस कळवावयाचे, म्हणजे तेवढे दिवस ती आपल्या शेताची मालकीण राहील. काढणीचे दिवस त्यांत आलेच पाहिजेत. अर्धपगारी रजा झटक्यासाठीं राखून ठेवावयाची. ती लग्नकार्यांत मोडावयाची नाहीं. रात्रीं आईजवळ निजावयास गांवांतील एक बाई पगारावर ठेविली आहे, आणि तो पगार आमच्याकडे. पत्नीला पुन्हां पद आलें, तर नाकारण्याआधीं तिनें आम्हांस सांगावयाचें. या शेवटच्या कलमावर तिनें अद्याप कांहीं उत्तर दिलेलें नाहीं.

योजनेंत जें धरलें नव्हतें तेंहि एक घडलें. वडिलांना मोडी येते. त्यांच्या वडिलांनीं ती त्यांच्याकडून घोटून घेतली होती. सकाळीं जेवण झालें कीं नाहीं हें त्यांना कधीं कधीं आठवत नाहीं. पण मोडीचा कागद पुढें ठेवला, कीं ज्या अक्षराशीं आम्ही अर्धा तास झगडतों तें ते पाहतांच सांगतात. लहानपणीं हातांत बसलेली विद्या सर्वांत शेवटीं जाते, असें म्हणतात. तें त्यांच्यापुरतें तरी खरें दिसतें. रोज सकाळीं तासभर ते वाचतात आणि आम्ही लिहितों. कांहीं दिवशीं ते कंटाळतात, आम्हांस ओळखत नाहींत, “तुम्ही कोण गावचे?” असें विचारतात, आणि मग त्या दिवसाचें काम तेथेंच थांबतें. ग्रंथ निम्म्या वेगानें चालला आहे. दहा वर्षांत तो पुरा होईल असें आज वाटतें. आईवडील त्या वेळीं असतील असें वाटत नाहीं. या दोन वाक्यांचा मेळ आम्हांस घालतां आलेला नाहीं, आणि तो घालूंहि नये असें आतां वाटूं लागलें आहे.

अर्ज पाठविण्याची तारीख केव्हांच निघून गेली. त्या कागदाचीं तीन पानें भरलेलीं होतीं आणि चौथ्यावरची चौकट कोरीच राहिली होती. परवां वडिलांच्या मेजावर तो कागद आम्हांस दिसला. चौकटींत त्यांनीं या महिन्याच्या दुधाचा हिशेब मांडला आहे. पैसे दिल्याची नोंद या वेळीं एकदांच आहे.